गौरीआधीच्या नथींचा टीझर : सात चित्रांत काय दाखवायचं, काय झाकायचं

खानापुरात घरी बसून मी नथी आणि ठुशा करते. गिऱ्हाईक बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचं, थोडं कोल्हापूरचं आणि थोडं गोव्याचं. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री गौरी-गणपतीच्या आधी होते. त्या विक्रीच्या पाच दिवस आधी इन्स्टाग्रामवर मी एक कॅरोसेल टाकते, म्हणजे बाजूला सरकवत बघायची चित्रांची एक मालिका. नवीन नथी येणार आहेत एवढं त्यातून कळतं, पण पूर्ण नथ कुठेच दिसत नाही. ही मालिका कशी बांधायची, ते गेल्या गौरीच्या चाळीस नथींचं उदाहरण घेऊन लिहिते.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढची सगळी रचना तिच्यातूनच आली. पहिल्या वर्षी मी टीझर म्हणून सहा तयार नथींचे सहा सुंदर फोटो टाकले आणि शेवटी ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलं. लाईक भरपूर आले. किंमत विचारणारेही भरपूर. मी प्रत्येकीला ‘रविवारी कळेल’ असं उत्तर दिलं. रविवार उजाडला तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी विसरल्या होत्या, आणि उरलेल्यांनी नथ आधीच मन भरून पाहिली होती. पुन्हा येऊन बघावं असं काही मी शिल्लकच ठेवलं नव्हतं. विक्रीच्या दिवशी मी तेच सहा फोटो परत टाकले होते.

तेव्हापासून एकच कसोटी लावते. प्रत्येक चित्रातून बघणारीला एक गोष्ट नक्की कळली पाहिजे, आणि एक गोष्ट बघायची राहिली पाहिजे. फक्त अंधुक, धूसर फोटो टाकले तर त्यातून काहीच कळत नाही, आणि ज्याचं काहीच कळलं नाही त्याची कुणी वाट बघत नाही.

दिवस उलटे मोजा

गौरी आवाहन गुरुवारी आहे असं धरा. बाईच्या हातात नथ निदान दोन दिवस आधी पडली पाहिजे, म्हणजे मंगळवारपर्यंत. पावसाळ्यात पार्सलला पाच-सहा दिवस धरावे लागतात, आमच्याकडे तर रस्त्यावर पाणी आलं की त्याहून जास्त. त्यामुळे आदल्या बुधवारी सगळी पार्सलं पोस्टात गेली पाहिजेत. पॅकिंगला सोमवार-मंगळवार. म्हणून विक्री त्याच्या आधीच्या रविवारी, गौरीच्या बरोबर अकरा दिवस आधी. आणि टीझर त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी.

मंगळवार ते रविवार, पाच दिवस. दहा-बारा दिवस आधी टाकून पाहिलं, तर उत्सुकता मधेच विझते. दोनच दिवस आधी टाकलं, तर निरोप सगळ्यांपर्यंत पोचत नाही, कारण इन्स्टाग्राम एक पोस्ट सगळ्यांना एकाच दिवशी दाखवत नाही. शिवाय पाच दिवसांत बाईला घरात बोलून, साडीशी रंग लावून बघून ठरवता येतं.

टीझर टाकताना निदान तीन चतुर्थांश माल तयार हवा. एक नथ गुंफायला मला साधारण चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे चाळीस नथींना सव्वीस-सत्तावीस तास. घरचं बघून रोज दोन तास धरले तर दोन आठवडे जातात. एका वर्षी दहाच नथी तयार असताना मी टीझर टाकला. फोटोत गडद हिरवा खडा होता. पुढच्या मालासाठी तोच खडा मागवला, तर आलेला पोपटी निघाला. फोटोतला रंग दाखवून लोक विचारत होते आणि मी समजावत बसले होते. आता तीस नथी डब्यात बंद झाल्याशिवाय कॅमेरा हातात घेत नाही, आणि ज्या मालाची नथ तयार आहे त्याच मालाचा फोटो काढते.

सात चित्रं, क्रमाने

सगळी चित्रं एकाच मापाची घ्या, १०८० × १३५० पिक्सेल. पहिल्या चित्राचं जे माप, तेच इन्स्टाग्राम पुढच्या सगळ्यांना लावतं, आणि वेगळ्या मापाचं चित्र कापलं जातं. आपल्या पानावरच्या चौकटीत हे चित्र बाजूंनी थोडं आणखी कापलेलं दिसतं, म्हणून अक्षरं कडेला नेऊ नका. वीस चित्रांपर्यंत टाकता येतात, पण टीझरला सात पुरेत. नवव्या-दहाव्या चित्रापर्यंत फार थोड्या जणी पोचतात, आणि आपला निरोप तर शेवटच्या चित्रावर आहे.

पहिलं आणि दुसरं चित्र मी एकाच फोटोतून काढते. मोत्यांची अर्धगोल ओळ जवळून टिपायची, फोटो आडवा. मग २१६० × १३५० मापात कापून त्याचे मधोमध दोन तुकडे करायचे. कापणी एखाद्या मोत्याच्या बरोबर मधून जाईल असं बघा. पहिल्या चित्राच्या उजव्या कडेला अर्धा मोती दिसला की बोट आपोआप पुढे सरकवतं. तो पूर्ण करून बघायची इच्छा आवरत नाही. त्या चित्रावर चार शब्द पुरे : ‘ह्या मोत्यांचं काय होणार?’

दुसऱ्या चित्रात उरलेला अर्धा मोती, पुढची तार आणि ती वळवणारा नोज प्लायर. माझी दोन बोटंही दिसतात, नखाजवळ तारेचा ओरखडा आहे तोही. नथीचा आकार अजून पूर्ण होत नाही. हे चित्र एकटं बघितलं तरी समजलं पाहिजे, कारण पहिलं चित्र बघून कुणी पुढे गेलं तर इन्स्टाग्राम कधीकधी नंतर तीच पोस्ट दुसऱ्या चित्रापासून दाखवतं. म्हणून त्यावर छोटा मजकूर घालते : ‘गौरीसाठी, खानापुरात हाताने’.

तिसरं चित्र सामानाचं. स्टीलच्या वाटीत मोती, बाजूला तारेचं वेटोळं, दोन लाल खडे, दोन हिरवे. इथे खरं काय आहे ते लिहून टाका : ‘काचेचे मोती. तांब्याची तार, सोन्याचा मुलामा.’ काही जणींना वाटतं, टीझरमध्ये हे सांगितलं तर मोहिनी जाते. माझा अनुभव उलटा आहे. आपल्याकडे नथ म्हटली की अजूनही सोन्याची आणि बसऱ्याच्या मोत्यांची डोळ्यांसमोर येते. आधी सांगितलं नाही तर विक्रीच्या दिवशी ती बाई नाराज होऊन जाते, आणि दोघीचौघींना सांगतेही.

चौथी पाच सेकंदांची चित्रफीत. तार मोत्यातून येते, वळते, प्लायर चिमटतो, तुकडा कट्‌ असा तुटतो. गाणं लावू नका. तो आवाजच ऐकू येऊ दे. हे हाताचं काम आहे हे ज्यांना खरंच बघायचं असतं, त्या इथे थांबतात.

पाचवं चित्र सावलीचं, आणि मला सगळ्यात प्रिय. ते कसं काढायचं ते खाली नीट सांगते.

सहाव्यावर आकडे : ‘एकूण ४० नथी. ३ प्रकार. ३५० ते ६५० रुपये. दाबाची आणि टोचलेल्या नाकाची, दोन्ही.’ किंमत टीझरमध्ये द्यावी की नाही, ह्यावर माझ्या ओळखीच्या दागिने करणाऱ्यांत एकमत नाही. मी नेमकी किंमत देत नाही, पण कमाल-किमान देतेच. ज्या बाईचं बजेट दोनशे आहे तिला पाच दिवस ताटकळत ठेवून काय मिळवायचं? आणि जिचं सहाशे आहे ती पैसे बाजूला काढून ठेवते. दाबाची की टोचलेल्या नाकाची, हेही इथेच लिहा, कारण निम्म्या कॉमेंट त्याच प्रश्नाच्या असतात. चाळीसचा आकडा खरा हवा. पन्नास असताना वीस सांगून घाई लावली तर आमच्या एवढ्याशा गावांत ते लपत नाही.

सातव्यावर वार, तारीख, वेळ आणि एकच काम. ‘रविवार, संध्याकाळी ७ वाजता, ह्याच पानावर. यादीत नाव हवं असेल तर कॉमेंटमध्ये “नथ” लिहा.’ लाईक करा, शेअर करा, फॉलो करा, मेसेज करा अशी चार कामं सांगितली तर बाई एकही करत नाही. ‘लवकरच’ हा शब्द तर कुठेच नको, त्याची आठवण ठेवता येत नाही.

सावली आणि मोत्यांचा फोटो

सावलीत नथीचा पूर्ण आकार कळतो, पण रंग, खडे, गुंफण काही दिसत नाही. म्हणजे बघणारीला प्रकार समजतो आणि नथ बघायची राहते. रात्री खोलीत अंधार करायचा. पांढरी भिंत नसेल तर कोरा जाड कागद चिकटवायचा. नथ तंगुसाने टांगायची, साध्या दोऱ्याची सावली जाड रेघेसारखी पडते. दुसऱ्या मोबाइलची टॉर्च तीन-चार हात लांबून समोर धरायची. नथ भिंतीच्या जवळ, चार बोटांवर असली तर सावली रेखीव येते. लांब नेली की सावली मोठी होते पण कडा विरघळतात. फोटोत फक्त सावली घ्यायची, टांगलेली नथ चौकटीच्या बाहेर राहील अशा कोनातून. मला हे जमायला पहिल्यांदा तासभर लागला आणि घरातल्या तिघांना टॉर्च धरून उभं राहावं लागलं.

मोत्यांचा फोटो दिवसा, खिडकीजवळ. मोती आरशासारखा असतो. नीट बघा, त्यात तुमचा काळा मोबाइल आणि तुमचं डोकं दिसतं. ते घालवायला खिडकीला धुतलेलं मलमल किंवा बटर पेपर लावा, म्हणजे उजेड पसरून येतो, आणि समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका. हातभर लांब राहून दुप्पट झूम केलं की मोती गोल दिसतात, अगदी जवळून काढले तर अंड्यासारखे ताणले जातात. फ्लॅश बंद. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं ते ह्या कामाला चांगलंच, उजेड आपोआप मऊ होतो. फक्त फोटो निळसर येतात, तेवढा रंग थोडा उबदार करून घ्यायचा, मुलामा पितळेसारखा दिसेल इतका नाही.

खाली काय अंथरायचं? खणाचं कापड सगळ्यांना सुचतं. पण खणाची नक्षी बारीक असते आणि नथही बारीक, दोन्ही एकमेकींत हरवतात. मी आईच्या जुन्या शहापुरी साडीचा साधा, गडद भाग घेते, काठ फक्त एका कोपऱ्यात डोकावेल असा.

मजकूर दोन भाषांत

आमच्या भागात एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी घरं आहेत, आणि गौरी दोन्ही घरांत बसते. चित्रांवर मी मराठीच ठेवते, नाहीतर अक्षरांची गर्दी होते. कॅप्शनमध्ये मात्र पहिली ओळ मराठी आणि लगेच दुसरी कन्नड, कन्नड लिपीत. माझी कन्नड ओळ बोलायला साधारण अशी असते : ‘होस नत्तु, भानुवार संजे एळु गंटेगे’. नवीन नथ, रविवारी संध्याकाळी सात वाजता. शेजारच्या अक्कांकडून वाचून घेतल्याशिवाय मी ती टाकत नाही. चुकीचं कन्नड लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, लोकांना ते लागतं.

कॅप्शनची पहिली दीड-दोन ओळच दिसते, बाकी उघडून वाचावी लागते. म्हणून वार आणि वेळ त्या पहिल्या ओळीत. गेल्या वर्षीचं माझं कॅप्शन असं होतं :

‘रविवारी संध्याकाळी ७ वाजता गौरीच्या ४० नथी. (इथे कन्नड ओळ.) तीन प्रकार, तिन्ही ह्या वर्षी नवीन. “नथ” लिहिलं तर एकीला एकच राखीव, रविवारी ७ ते ८ पर्यंत. बुधवारी सगळी पार्सलं निघतील.’

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. ‘राखीव’ म्हणजे किती आणि कधीपर्यंत, हे आधी लिहिलं नाही तर सोमवारी भांडण होतं.

पोस्ट टाकल्यावर

पहिला तासभर मोबाइल हातातच ठेवा. ज्या बाईने ‘नथ’ लिहिलं तिला तिथेच उत्तर द्यायचं, ‘काकू, नाव लिहिलं. माझा नंबर सेव्ह करून एक मेसेज टाकाल?’ नंबर सेव्ह करायला का सांगायचं, तर व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते. एका यादीत २५६ जणी मावतात, आपल्याला त्याहून कमीच लागतात. ही यादी केली नाही तर रविवारी सात वाजताचं सगळं इन्स्टाग्रामच्या मर्जीवर राहतं, आणि कित्येकींना आपली पोस्ट सोमवारी दिसते.

आमच्याकडच्या बऱ्याच काकू-मावश्या इन्स्टाग्रामवर नाहीतच. त्यांच्यासाठी तीच चित्रं व्हॉट्सॲप स्टेटसला, पण एका वेळी एकच. बुधवारी अर्धा मोती, शुक्रवारी सावली, शनिवारी रात्री तारीख. सातही एकदम टाकली तर त्या भराभर पुढे ढकलतात.

कॉमेंट वाचून मालिकेत कुठे चुकलं ते कळतं. ‘हे काय आहे?’ असं तीन-चार जणींनी विचारलं तर तुम्ही जास्त झाकलंय, सावलीचं चित्र पुढे आणायला हवं होतं. सगळ्या ‘प्राइस?’ विचारत असतील तर सहाव्या चित्रापर्यंत कुणी पोचलं नाही, किंवा त्यावरची अक्षरं बारीक आहेत. लाईक शंभर आणि यादीत चार नावं असतील तर सातव्या चित्रावर काम स्पष्ट सांगितलेलं नाही. पोस्टच्या इनसाइट्समध्ये मी लाईक बघत नाही, सेव्ह आणि शेअर बघते. बहिणीला, नणंदेला पाठवलेली पोस्ट म्हणजे घरात बोलणं सुरू झालं.

टाकण्याआधी एक तपासणी जरूर करा. सातही चित्रं घरातल्या अशा बाईला दाखवा जिने ह्या वर्षीच्या नथी बघितलेल्या नाहीत. मी माझ्या जावेला दाखवते. ती सरकवत असताना मी गप्प बसते आणि शेवटी तीनच प्रश्न विचारते : काय येणार आहे, कधी येणार आहे, तू काय करणार? गेल्या वर्षी तिने पहिली दोन उत्तरं दिली आणि तिसऱ्याला म्हणाली, ‘रविवारी तुला फोन करीन की!’ सातव्या चित्रावर मी फोन नंबर मोठा घातला होता. तो काढला आणि ‘नथ’ हा शब्द मोठा केला.

चाळीस नथींसाठी यादीत बासष्ट नावं आली. सगळ्या घेत नाहीत. सात ते आठ ह्या तासात यादीतल्या एकतीस जणींनी पैसे पाठवले, आठनंतर उरलेल्या नऊ खुल्या केल्या, त्या रात्री साडेनऊपर्यंत संपल्या. नावं मालाच्या दीडपट-दुप्पट असली तर ठीक. चौपट झाली तर आनंद मानू नका, मधेच गुरुवारी यादी बंद केल्याचं लिहून टाका. पाच दिवस वाट बघून नथ न मिळालेली बाई पुढच्या वेळी टीझरकडे वळून बघत नाही.

ही सगळी रचना तयार मालासाठी आहे. तुम्ही ऑर्डर घेऊन दागिना करत असाल, तर सहाव्या चित्रावर नगांचा आकडा नको, ‘दसऱ्याआधी इतक्याच ऑर्डर घेता येतील’ असं लिहा आणि हाताला झेपेल त्याहून दोन कमी लिहा.

विक्री संपली की त्याच रात्री टीझरच्या कॅप्शनची पहिली ओळ बदला : ‘ह्या नथी संपल्या.’ मी एकदा विसरले होते. गौरी विसर्जनाच्या दिवशी चिकोडीहून एक ताई विचारत होत्या, रविवार म्हणजे येणारा ना?